डायरीच्या एकाच पानाचा फोटो येतो, सोबत एक शब्दही नसतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २२ वर्षं हस्तलिखितं वाचून टाइप करून देते. आधी लोक वह्या घेऊन दुकानात यायचे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात. त्यात पाककृतींची वही असते, जमिनीच्या जुन्या नोंदी असतात, कवितांचे कागद असतात. आणि अधूनमधून डायरीचं एखादं पान येतं. एकच पान, सोबत नमस्कार नाही, निरोप नाही. हे काम नव्याने करणारी मुलं-मुली मला त्याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. दुकान नसलेल्यांनाही ती लागू पडावीत. शिक्षकांना, मावशीला, जुन्या मैत्रिणीलाही असं पान येतं.

पान आलं, खाली काहीच लिहिलेलं नाही. सगळ्यात आधी काय करू?

एकदा शेवटपर्यंत वाचा. टाइप करायला बसू नका, फक्त वाचा. आजूबाजूला माणसं असतील तर फोन बाजूला घेऊन वाचा. दुकानात मोठ्या पडद्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडलेलं असतं आणि मागे झेरॉक्ससाठी चार जण उभे असतात. अशा वेळी मी आधी ती खिडकी बंद करते.

या पहिल्या वाचनात दोनच गोष्टी बघायच्या. पान साधं आहे की मनातलं आहे? दूधवाल्याचा हिशोब, पाहुण्यांची यादी, प्रवासातली स्टेशनं असं काही असेल तर सरळ विचारा, “टाइप करून हवंय का?” त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. पण पानात दुःख, राग, लाज, प्रेम, घरातलं भांडण असं काही असेल तर पुढचं सगळं वेगळ्या चालीने करायचं. दुसरी गोष्ट म्हणजे जिवाला धोका दिसतो का. त्याबद्दल खाली स्वतंत्रपणे लिहिलं आहे, कारण तिथे सगळा क्रमच बदलतो.

पण “काय करायचंय याचं?” हे आधी विचारलं तर काय बिघडलं? आम्हाला कसं कळणार?

विचारायचं आहेच. प्रश्न फक्त आधी काय आणि नंतर काय, एवढाच आहे.

मी एकदा ही चूक केली आहे. बरीच वर्षं झाली. दुपारची गर्दीची वेळ होती, एका अनोळखी नंबरवरून पानाचा फोटो आला. मी दोन ओळी वाचल्या, अक्षर सुवाच्य आहे एवढं पाहिलं आणि सवयीने उत्तर पाठवलं: “एका पानाचे वीस रुपये, उद्या संध्याकाळी मिळेल.” रात्री दुकान बंद करताना पुन्हा फोटो उघडला आणि तेव्हा तो पूर्ण वाचला. आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल तिच्या मुलीने लिहिलेलं ते पान होतं. मी माफी मागणारा मोठा मेसेज लिहिला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर कधीच आलं नाही.

दर सांगणं चुकीचं नव्हतं, माझं कामच ते आहे. पण माणूस आपलं मन उघडं करून समोर ठेवतो आणि पलीकडून पहिला शब्द व्यवहाराचा येतो, तेव्हा त्याला वाटतं की पलीकडच्याने वाचलंच नाही. किंवा वाचूनही त्याला काही वाटलं नाही. “याचं काय करू?” हा प्रश्नसुद्धा अशा वेळी दराच्या पाटीसारखाच वाचला जातो. त्याच्या आधी दोन वाक्यं आली तर तोच प्रश्न काळजीचा होतो.

मग पहिल्या उत्तरात नेमकं काय लिहायचं?

चार-पाच ओळी पुरतात. एक खरा प्रसंग सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रात्री पावणेअकराला एका नंबरवरून फोटो आला. नंबरावर पुरुषाचं नाव होतं. विमा कंपनीची असते तशी डायरी, वर छापील तारीख जूनमधली. पान टेबलावर ठेवून वरून फोटो काढलेला, कोपऱ्यात स्टीलच्या तांब्याची कड आणि पानावर फोनची सावली. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, कुठेही शिरोरेषा नाही. मजकूर साधारण असा होता: चार दिवस घरात बोलणं नव्हतं. पाडव्याला भांडी घासत होते तेव्हा ह्यांनी श्रीखंड आणून ओट्यावर ठेवलं. मी काही बोलले नाही. आणि शेवटी: “माझं मन … गेलं.” मधला शब्द फोटोत नीट लागत नव्हता.

मी हे उत्तर पाठवलं:

“नमस्कार. पान मिळालं. मी एकटीने, पूर्ण वाचलं. पाडव्याच्या दिवसाबद्दल आणि त्याआधीच्या चार अबोल दिवसांबद्दल त्यात लिहिलं आहे. फार जवळचं लिखाण आहे, ते माझ्याकडे पाठवलंत, मी जपून ठेवीन. दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही. याबाबत माझ्याकडून काय व्हावं असं मनात आहे? एखादा भाग वाचून हवा असेल, टाइप करून हवं असेल किंवा आत्ता काहीच नको असेल, तरी चालेल. घाई नाही.”

यात काय काय आहे ते बघा. पोचलं आणि वाचलं, हे आधी येतं. मग पानातलाच एक तपशील, कारण “वाचलं” असं नुसतं कोणीही म्हणू शकतं. पाडवा आणि चार अबोल दिवस म्हटल्यावर समोरच्याला खात्री पटते. मग कोणी पाहिलं आणि कोणी पाहणार नाही हे स्पष्ट येतं. प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि तो एकच असतो. त्याला दोन-तीन वाटा दाखवलेल्या असतात, कारण अशा वेळी माणसाला नेमकं मागता येतंच असं नाही. “काहीच नको” ही वाटही उघडी ठेवलेली असते.

आणि काय नाही, तेही बघा. “तुमच्या घरात तणाव होता” असं मी लिहिलं नाही. “तुम्हाला किती वाईट वाटलं असेल” असंही लिहिलं नाही. पान कोणाचं, हे मी धरून चालले नाही. मधल्या न लागलेल्या शब्दाचा तर उल्लेखही केला नाही. या संयमाचं कारण पुढे येईल.

पान पाठवणाऱ्याचंच आहे हे कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून धरून चालू नये. मराठीत क्रियापद बरंच सांगून जातं. “मी गेले, बसले, बोलले” असं असेल तर लिहिणारी बाई, “गेलो, बसलो” असेल तर पुरुष, असा आपला पहिला अंदाज असतो. वरच्या पानात “बोलले” होतं आणि नंबर पुरुषाचा होता. म्हणजे पान बायकोचं, आईचं, बहिणीचं, मुलीचं, कोणाचंही असू शकत होतं. किंवा बाईच लिहिणारी आणि नंबर नवऱ्याच्या नावावर, हेही घरोघरी असतंच.

त्यात बोलीचा फरक. कोल्हापूरकडच्या बायका सहज “मी आलो, मी गेलो” म्हणतात. विदर्भात “मी गेली, मी आली” ऐकू येतं. डायरीत माणूस आपल्या घरच्या बोलीत लिहितो, शाळेतल्या मराठीत नाही. “गेलो” वाचलं आणि उत्तरात “दादा” लिहून टाकलं की पलीकडे एखादी बाई असते, आणि तिला वाटतं, आपलं वाचलं कुठे? म्हणून पहिल्या उत्तरात ताई, दादा, काका काहीच नको. “नमस्कार” आणि “आपण” किंवा “तुम्ही” एवढं पुरेसं. पान कोणाचं हे कामासाठी कळायला हवंच असेल तर तो प्रश्न दुसऱ्या फेरीत विचारा: “हे लिखाण तुमचं की घरातल्या कोणाचं?”

दुसऱ्याचं पान असेल आणि ती व्यक्ती हयात असेल तर मात्र मी थांबते. नवऱ्याने बायकोचं, आईबापांनी मोठ्या मुलीचं पान न विचारता फोटो काढून पाठवलं असेल, तर ते मी टाइप करत नाही आणि तसं स्पष्ट सांगते. सांगताना आवाज चढवायचा नाही. बहुतेक वेळा पाठवणारा घाबरलेला असतो आणि काय करावं ते न कळून त्याने फोटो काढलेला असतो. “हे त्यांचं खासगी आहे, मी पुढे वाचत नाही. पण तुम्हाला कशाची काळजी वाटतेय ते तुम्ही सांगा,” असं म्हटलं की खरं बोलणं सुरू होतं.

छापील तारीख, शेजारचं पान, मागून उमटलेली शाई, हे सगळं वाचायचं का?

छापील तारखेवर विसंबू नका. घरोघरी गेल्या वर्षीची, तिच्या आधीची डायरी वापरात असते, आणि लोक मिळेल त्या कोऱ्या पानावर लिहितात. वरच्या पानावर तारीख जूनची होती आणि मजकूर पाडव्याचा. तो गुढीपाडवा असेल किंवा दिवाळीतला, जून कोणत्याच हिशोबात बसत नाही. तारखेवरून “जूनमध्ये हे झालं तर” असं मी लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीत चुकले असते.

शेजारच्या पानाची कड फोटोत आली असेल तर ती वाचायची नाही. जे पान पाठवलं तेवढंच आपल्याला दिलेलं आहे. मागच्या बाजूची शाई उमटून दिसते तिचंही तेच. फोटो मोठा करून ती लावत बसायचा मोह होतो, मलाही व्हायचा. आता मी आधी फोटो त्या पानाच्या चौकटीपुरता कापून घेते आणि मगच वाचते.

दिलासा म्हणून चार शब्द लिहायला काय हरकत आहे?

हरकत नाही, पण शब्द बघून वापरावेत. “सगळं ठीक होईल” हे तुम्हाला माहीत नसतं. “माझ्याही बाबतीत असंच झालं” म्हटलं की पान बाजूला राहतं आणि तुमची गोष्ट सुरू होते. “सोडून द्या, मनावर घेऊ नका” हे घरातल्या लोकांनी त्यांना आधीच सांगून झालेलं असतं. म्हणून तर त्यांनी ते कागदावर लिहिलं.

अक्षराचं कौतुकही पहिल्या उत्तरात नको. हस्ताक्षर बघून बघून आमच्या धंद्यात “काय सुंदर अक्षर!” हे तोंडातून निघतंच. हिशोबाच्या वहीला ते चालतं. दुःखाच्या पानाला ते बोचतं.

पानातला शब्द आहे तसाच वापरा. त्यांनी “अबोला” लिहिलं असेल तर तुम्ही “वाद” म्हणू नका. त्यांनी “कंटाळा” लिहिलं असेल तर त्याला “नैराश्य” हे नाव तुम्ही देऊ नका. ते नाव देणं डॉक्टरांचं काम आहे.

पानात मरणाचा उल्लेख असेल तर?

मराठीत मरण बोलण्यात सहज येतं. “मेले बाई काम करून”, “जीव नकोसा झालाय या उकाड्यात” यावरून कोणी धावत सुटत नाही. फरक आजूबाजूच्या मजकुरात असतो. “माझ्यानंतर मुलांना आईकडे ठेवा” असं असेल, एखाद्या वस्तूची किंवा पैशाची वाटणी लिहिली असेल, कोणाची माफी मागून निरोप घेतला असेल, दिवस किंवा साधन लिहिलं असेल, तर ते बोलण्यातलं मरण नाही.

अशा वेळी “याचं काय करू?” हा प्रश्न मागे पडतो. मेसेज लिहीत बसू नका, फोन करा. आणि आडून न विचारता सरळ विचारा: “हे लिहिलं तेव्हा जीव द्यावा असं मनात होतं का? आत्ता आहे का?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही. उलट, इतके दिवस जे कोणालाच सांगता आलं नाही ते बोलायला जागा मिळते. “हो” आलं तर विचारा, आत्ता जवळ कोण आहे, त्यांना बोलावू का. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही तिथे फोन करून “असं पान आलंय, काय करू?” असं विचारू शकता. धोका त्याच क्षणाचा असेल तर ११२.

इथे अक्षराचा प्रश्न पुन्हा येतो. शिरोरेषा न देणाऱ्या माणसाच्या हातचे भ आणि म अगदी सारखे दिसतात. फरक उरतो तो भ च्या डावीकडे वर असलेल्या छोट्या गाठीचा, आणि घाईत लिहिताना तीही निघून जाते. तसंच ध आणि घ चं, थ आणि य चं. म्हणून एकाच शब्दावरून घाबरायचंही नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही. मजकूर बघून शंका आली आणि शब्द लागत नसला, तर शब्द लागेपर्यंत थांबू नका, विचारून टाका.

पाठवणारं मूल अठरा वर्षांखालचं असेल तर?

शाळेच्या वहीचं पान, पेन्सिलीचं अक्षर, खालच्या ओळीत बाईंचं नाव, अशा खुणांवरून बहुतेक वेळा कळतं. सगळं तसंच, फक्त एक गोष्ट वेगळी: “कोणालाच सांगणार नाही” असं वचन देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. हे शिक्षकांपुरतं नाही, ज्याला कळलं त्या प्रत्येकाला लागू आहे. मी मुलांना असं लिहिते: “तू पाठवलंस ते मी वाचलं. हे मी इकडेतिकडे बोलणार नाही. पण तुला कोणी त्रास देत असेल तर मदत करू शकेल अशा मोठ्या माणसाला मला सांगावं लागेल, आणि ते तुला आधी सांगूनच करीन.” मुलांची मदतवाहिनी १०९८. वचन देऊन मोडलं तर ते मूल दुसऱ्यांदा कोणाला सांगायला जात नाही.

उत्तर आलंच नाही तर? पुन्हा विचारू का?

जिवाचा धोका दिसत नसेल तर दोन दिवसांनी एकदा: “पान माझ्याकडे जपून आहे. काही हवं असेल तेव्हा सांगा, नको असेल तर काढून टाकते.” त्यापुढे नाही. “बघितलं का?”, “काय ठरलं?” असं विचारत राहणं म्हणजे ज्याने संकोचून एक पान दाखवलं त्याच्या दारात उभं राहण्यासारखं आहे. काही जणांना कोणीतरी वाचावं एवढंच हवं असतं, आणि तुमच्या पहिल्या उत्तरात ते काम झालेलं असतं.

चुकून आलेली पानंही असतात. बहिणीला पाठवायचं ते यादीत वरखाली नाव असल्याने मला आलं, असं दोनदा झालं आहे. त्यांनी घाईघाईने फोटो उडवला तर “काय होतं ते?” असं विचारू नये. “चुकून आलं असेल तर काळजी नको, माझ्याकडे ते राहिलेलं नाही,” एवढं लिहावं आणि ते खरं असावं.

ते टाइप करून द्या म्हणाले. मग नेहमीसारखंच टाइप करायचं ना?

नेहमीसारखं नाही. नेहमीच्या कामात आपण ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, विरामचिन्हं टाकतो. डायरीत यातलं काही करायचं नाही. “आणी” लिहिलं असेल तर “आणी”च. खोडलेला शब्द वाचता आला तरी टाइप करायचा नाही, तिथे “खोडलेला शब्द” एवढं लिहायचं. खोडणं हाही लिहिणाऱ्याचाच निर्णय असतो. ओळ जिथे तुटली तिथे तुटू द्यायची. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज घालायचा नाही, मोकळी जागा सोडून चौकोनी कंस करायचा आणि खाली विचारायचं.

हा शेवटचा मुद्दा का, ते पाडव्याच्या पानावरून सांगते. माझ्या उत्तरानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून आवाजातला निरोप आला. वयस्कर आवाज, थांबत थांबत बोलणारा. ते म्हणाले, ही आमच्या मंडळींची डायरी. त्या जाऊन सहा महिने झाले. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर लागत नाही, आणि मुलाला दाखवायचं नाही. टाइप वगैरे काही नको. शेवटच्या ओळीत “मन भरून गेलं” आहे की “मन मरून गेलं” आहे, तेवढं सांगा.

संपूर्ण पानातून त्यांना एक शब्द हवा होता. मी आदल्या रात्रीच पान टाइप करून पाठवलं असतं तर त्या जागी माझ्या मनाला येईल तो शब्द घातला असता. आणि त्यांनी तोच खरा धरला असता.

मी त्यांना म्हटलं, लगेच सांगत नाही, नीट बघून सांगते. दुसरा फोटो मागितला: फक्त ती ओळ, दिवसाउजेडी, खिडकीजवळ, प्रकाश बाजूने येईल असा, फोन पानापासून वीतभर अंतरावर. वरून दिव्याचा उजेड पडला की पेनाचा दाब दिसत नाही. बाजूने पडला की कागदावर उठलेली खाच दिसते. शाई फिकी असली तरी खाच राहते. शेजारच्या मुलाकडून त्यांनी तसा फोटो काढून घेतला. मजकूर दिसू नये म्हणून बाकीच्या ओळींवर कोरा कागद ठेवला होता.

मग पहिल्या फोटोतले भ शोधले. “भांडी” मध्ये एक होता, वर “भाजी” दोनदा आली होती, “भावजी” एकदा. चारही ठिकाणी त्या माउलीने भ ची सुरुवात डावीकडे एका बारीक वळणाने केली होती, टिंबाएवढ्या. म मात्र सरळ वरून खाली उतरलेला: “मी”, “मग”, “माझं”. शेवटच्या ओळीतल्या अक्षराला शाईत वळण दिसत नव्हतं. पण दुसऱ्या फोटोत तिथे खाच होती, डावीकडे वळलेली. पेनाची शाई सुरुवातीला उमटली नव्हती, हात मात्र फिरला होता.

मी त्यांना फोन केला. लिहून पाठवलं नाही. काय बघितलं ते सगळं सांगितलं, चार भ कुठे कुठे आहेत तेही, आणि मग म्हटलं, “काका, भ आहे. भरून गेलं.” ते “बरं” म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “श्रीखंड मी चौकातून आणलं होतं. तिला आवडेल की नाही, वाटलं होतं.”

खाच दिसली नसती तर “सांगता येत नाही” असंच मी सांगितलं असतं. त्यांना बरं वाटावं म्हणून भ म्हणायचं, असं करायचं नाही. खोटं सांगितलेलं माणसाला आवाजावरून कळू शकतं, आणि मग खरं शोधायला त्याच्याकडे दुसरी वाट उरत नाही.

गेलेल्या माणसाची डायरी छापायची म्हणतात, ते टाइप करावं का?

करावं, पण आधी सांगावं की वही हातात असणं आणि छापायचा हक्क असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लिखाणाचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो, म्हणजे बाकीच्या भावंडांनाही विचारावं लागतं. पानात ज्यांची नावं आहेत ती हयात माणसंही लक्षात घ्यावीत. एवढं सांगितल्यावर बरेच जण घरापुरत्या चार प्रती काढून थांबतात.

काम झाल्यावर फोटोचं काय करायचं?

इथे सगळ्यांच्या हातून चूक होते, कारण फोटो एकाच ठिकाणी नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आपोआप गॅलरीत जातो. तिथून क्लाउडवर बॅकअप चालू असेल तर तिकडेही एक प्रत जाते, आणि घरच्यांशी अल्बम जोडलेला असेल तर त्यांच्या फोनवरही दिसू शकते. दुकानातल्या संगणकावर डाऊनलोड केलेली प्रत वेगळीच. पाठवणाऱ्याने “सगळ्यांसाठी उडवलं” तरी या प्रती जातीलच असं नाही.

म्हणून कामाच्या नंबरासाठी व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट सेटिंगमध्ये Media visibility बंद ठेवा, म्हणजे नवे फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. आधी आलेले मात्र हाताने काढावे लागतात: चॅटमधून, गॅलरीतून, गॅलरीच्या कचरापेटीतून, बॅकअपमधून, संगणकाच्या डाऊनलोडमधून आणि टाइप केलेल्या फाइलमधून. मी पाठीमागे यादी लावली आहे आणि एकेक खूण करते.

काकांचे दोन्ही फोटो मी काढले आणि तसं कळवलं. त्यांनी विचारलं, “दुसरा पण? कोऱ्या कागदाचा?” मी म्हटलं, दोन्ही.